ताप पहिल्यांदा कधी भरला?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला तो जेमतेम ७४ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांना जणू दोन वेगळे दिवस उजाडले होते. मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर या उपनगरांतल्या नद्यांनी पात्र सोडलं. कुर्ला-कलिन्यापासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत माणसं कमरेएवढ्या, छातीएवढ्या पाण्यातून घरी चालत गेली. त्या पाण्यात गटारं होती, उंदरांची बिळं होती, तबेल्यांतली घाण होती आणि मेलेली जनावरंही होती.

ऑगस्ट उजाडला आणि उपनगरांतले दवाखाने तापाच्या रुग्णांनी भरू लागले. त्या वर्षी मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. नंतर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधीच्या चार वर्षांच्या तुलनेत सुमारे आठपट रुग्णांची नोंद झाल्याचं दिसलं. आज आपण ‘२६ जुलै’ आणि ‘लेप्टो’ हे शब्द एका दमात उच्चारतो. पण दवाखान्याबाहेर तापाची रांग लागलेली असते, तेव्हा हा ताप नेमका कसला, साथ खरोखर आहे का आणि तिचं मूळ कुठल्या दिवसात आहे, यातलं काहीच ठरलेलं नसतं. ते ठरवण्याची एक रीत आहे. निदानाची खातरजमा, साथीची खातरजमा, रुग्णाची व्याख्या, रुग्णांचा शोध आणि शेवटी साथीचा आलेख, अशा क्रमाने ती पुढे सरकते. प्रत्यक्षात यातली दोन-तीन कामं एकाच वेळी चालू असतात. मात्र ती सगळी एका साध्या प्रश्नाच्या उत्तरावर उभी असतात: ताप पहिल्यांदा कधी भरला?

आधी निदान

पावसाळ्यात मुंबईत तापाला उमेदवार कमी नसतात. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, लेप्टो आणि साधा विषाणूजन्य ताप, या सगळ्यांची सुरुवात बहुधा सारखीच असते: थंडी, डोकेदुखी, अंग मोडून येणं. म्हणून तपास करणारे डॉक्टर आधी स्वतः काही रुग्ण पाहतात. फोनवर ऐकलेलं किंवा केस पेपरवर लिहिलेलं निदान ते तसंच धरून चालत नाहीत.

लेप्टोच्या काही खुणा आहेत. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावला तरी माणूस कळवळतो. डोळे लाल होतात, पण त्यांना चिपडं येत नाहीत. आजार बळावला तर कावीळ होते, लघवी कमी होते, काहींच्या फुप्फुसांत रक्तस्राव होऊन धाप लागते आणि खोकल्यातून रक्त पडतं. काविळीचा प्रकारही पारखावा लागतो. यकृताला विषाणूची लागण झाली असेल तर रक्तातली यकृताची एन्झाइम्स सहसा हजारांच्या घरात जातात. लेप्टोमध्ये डोळे पिवळेधमक होतात, पण एन्झाइम्स माफकच वाढतात आणि सोबत मूत्रपिंड बिघडल्याचं क्रिएटिनिन सांगतं. प्लेटलेट्स मात्र डेंग्यूत घटतात तशा लेप्टोतही घटतात. त्यामुळे नुसता प्लेटलेटचा आकडा पाहून डेंग्यू ठरवणारा डॉक्टर इथे हमखास फसतो.

मग प्रयोगशाळा. सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी म्हणजे आयजीएम एलायझा. शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं ती शोधते आणि ती तयार व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी रक्त काढलं तर लेप्टो असूनही अहवाल निगेटिव्ह येतो. उलट, ही प्रतिद्रव्यं बरं झाल्यावरही काही महिने रक्तात राहू शकतात. त्यामुळे आजचा पॉझिटिव्ह अहवाल मागच्या एखाद्या लागणीचा असू शकतो. पहिल्या आठवड्यात रक्तातला जंतू थेट शोधायचा तर पीसीआर करावी लागते. पक्क्या निदानासाठी ‘मॅट’ नावाची चाचणी दोनदा करतात, एकदा आजारात आणि पुन्हा काही दिवसांनी. प्रतिद्रव्यांची पातळी चौपट किंवा त्याहून जास्त वाढली तर शंका उरत नाही.

म्हणजे ताप कितव्या दिवसाचा आहे हे ठाऊक नसेल, तर प्रयोगशाळेच्या अहवालाचाही अर्थ लागत नाही. तपासाच्या पहिल्याच पायरीवर ती तारीख अशी आडवी येते. आणखी एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी लागते. प्रत्येक रुग्णाची चाचणी होईपर्यंत तपास थांबत नाही. ठरावीक रुग्णांत निदान पक्कं झालं आणि बाकीच्यांचं चित्र त्यांच्याशी जुळत असलं की पुढे जायला तेवढं पुरतं. उपचार तर त्यासाठीही थांबवत नाहीत.

साथ आहे की आकडा फुगलाय?

मुंबईला लेप्टो नवा नव्हता. २००० सालच्या पावसाळ्यात पाणी तुंबल्यानंतर इथल्या मुलांमध्ये तो आढळल्याचं नोंदलं गेलं होतं. दर पावसाळ्यात काही रुग्ण येणारच असतील, तर ‘रुग्ण सापडले’ एवढ्यावरून साथ ठरत नाही. त्याच जागी, त्याच आठवड्यांत एरवी जितके रुग्ण दिसतात त्याहून आता स्पष्टपणे जास्त आहेत का, हे पाहावं लागतं. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्याची तुलना आधीच्या काही वर्षांच्या त्याच पंधरवड्याशी करायची. एप्रिल-मेशी केली तर दर पावसाळ्यात साथ आल्यासारखी वाटेल.

आकडा साथीशिवायही फुगतो. एखाद्या रुग्णालयात चाचणीचे किट नव्याने आले की जे रुग्ण आधी ‘पीयूओ’, म्हणजे कारण न कळलेला ताप, म्हणून नोंदले जात होते ते लेप्टोचे म्हणून दिसू लागतात. वर्तमानपत्रात मृत्यूची बातमी आली की एरवी क्रोसिन घेऊन घरी पडून राहणारी माणसं ओपीडीत येतात आणि डॉक्टरही जास्त चाचण्या लिहून देतात. अशा वेळी एकूण किती चाचण्या झाल्या आणि त्यांतल्या किती टक्के पॉझिटिव्ह आल्या, हे पाहिलं तर उलगडा होतो. चाचण्या दुप्पट झाल्या आणि पॉझिटिव्हचं प्रमाण तेच राहिलं किंवा घटलं, तर वाढीमागे बहुधा जास्तीच्या चाचण्या आहेत. प्रमाणही चढलं असेल तर खरोखर काहीतरी घडतंय.

तिसरा घोळ पत्त्याचा. रुग्ण मोजला जातो रुग्णालयात, पण आजार लागतो घराजवळ किंवा कामाच्या जागी. एखाद्या मोठ्या रुग्णालयात मुलुंडचा रुग्ण असतो, ठाण्याचाही असतो आणि दिव्याचाही. रुग्णालयाच्या नावावर रुग्ण मोजले तर त्या वॉर्डात साथ दिसेल आणि जिथे पाणी तुंबलं तो वॉर्ड कागदावर सुरक्षित राहील. म्हणून अंधेरी पूर्वेचा के-पूर्व, बोरिवलीचा आर-मध्य, घाटकोपरचा एन, मुलुंडचा टी अशी वॉर्डवार विभागणी रुग्णाच्या राहत्या पत्त्यावरून करतात आणि कामाचं ठिकाण वेगळ्या रकान्यात लिहून घेतात.

कुणाला रुग्ण म्हणायचं?

आता व्याख्या. तपासातला रुग्ण कोण, हे आधी लेखी ठरवावं लागतं. नाहीतर घाटकोपरचा डॉक्टर ज्याला मोजेल त्याला बोरिवलीचा वगळेल आणि दोघांचे आकडे एकत्र करून काहीच हाती लागणार नाही. २००५ सारख्या प्रसंगी व्याख्या साधारण अशी करता येईल: मुंबई उपनगरात राहणारी किंवा काम करणारी व्यक्ती, २६ जुलैला किंवा त्यानंतर सुरू झालेला ताप, त्याबरोबर डोकेदुखी किंवा अंगदुखी, आणि पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, कावीळ, लघवी कमी होणं, रक्तस्राव किंवा धाप यांपैकी किमान एक लक्षण. हा झाला संशयित रुग्ण. आयजीएम पॉझिटिव्ह आली तर संभाव्य, आणि पीसीआर किंवा दोन वेळच्या ‘मॅट’ने पक्कं झालं तर निश्चित. सुरुवातीला जाळं मोठं टाकायचं. नंतर माहिती येईल तसं ते आवळता येतं.

या व्याख्येत एक गोष्ट मुद्दाम घातलेली नाही: पुराच्या पाण्यातून चालणं. रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर हा प्रश्न विचारणारच आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. पण तपासाच्या व्याख्येत तो घातला, तर पाण्यात न गेलेला एकही माणूस यादीत येणार नाही. मग शेवटी ‘सगळेच रुग्ण पाण्यातून चालले होते’ असा निष्कर्ष निघेल आणि तो आपणच आधी यादीत भरलेला असेल. ज्या कारणाचा संशय आहे ते व्याख्येबाहेर ठेवलं, तरच त्याची परीक्षा घेता येते.

यादी आणि ती एक तारीख

व्याख्या हातात घेऊन मग रुग्ण शोधायला निघायचं. सरकारी व्यवस्थेत एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांनी भरायचा ‘एस’, डॉक्टरांनी भरायचा ‘पी’ आणि प्रयोगशाळेने भरायचा ‘एल’ असे तीन नमुने आहेत. पण आपोआप आलेल्या अहवालांत गंभीर रुग्णच जास्त असतात. सौम्य तापाचा माणूस गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो आणि दोन दिवसांत गोळ्यांनी बरा होतो. म्हणून वस्तीत घरोघर फिरावं लागतं, खासगी दवाखान्यांत विचारावं लागतं, नर्सिंग होमच्या वह्या चाळाव्या लागतात, मृत्यूच्या नोंदीही तपासाव्या लागतात.

सापडलेला प्रत्येक रुग्ण एका तक्त्यात उतरतो. एक ओळ, एक माणूस. त्यात वय, लिंग, राहता पत्ता, काम, लक्षणं, दाखल झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, अहवाल, शेवट काय झाला, आणि ताप सुरू झाल्याची तारीख. यातली शेवटची तारीख सोडून बाकी जवळपास सगळं कुठल्या ना कुठल्या कागदावर सापडतं. ती फक्त रुग्णाच्या किंवा घरच्यांच्या आठवणीत असते आणि नीट विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

‘ताप कधीपासून?’ विचारलं की उत्तर येतं, ‘झाले चार-पाच दिवस.’ हे ‘चार-पाच’ तक्त्यात भरता येत नाही. मग खोदून विचारावं लागतं. पाणी भरलं तो मंगळवार होता, त्यानंतर तुम्ही कामावर कधी गेलात? कुठल्या दिवशी घरी राहिलात? पहिली गोळी कुणी आणून दिली, त्या दिवशी काय वार होता? नागपंचमीच्या आधी की नंतर? गल्लीतल्या डॉक्टरची चिठ्ठी असेल तर तिच्यावरची तारीख काय आहे? सणवार, पगाराचा दिवस, कामावरचा खाडा यांना धरून माणसाला तारीख बरोबर आठवते. रुग्ण बेशुद्ध असेल तर बायकोला, आईला, खोलीतल्या सोबत्याला विचारायचं. एवढं करूनही नक्की दिवस मिळाला नाही तर तक्त्यात तसं लिहायचं. अंदाजाने भरलेली तारीख पुढे आलेखात खऱ्या तारखेइतकीच ठाम दिसते आणि तपास चुकवते.

आलेख काढूया

आता हा तक्ता आलेखात उतरवायचा. आडव्या रेषेवर ताप सुरू झाल्याच्या तारखा, उभ्या रेषेवर रुग्णांची संख्या. एका खांबात किती दिवस घ्यायचे, हे रोगाच्या अधिशयन काळावरून ठरतं. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा हा काळ लेप्टोमध्ये २ ते ३० दिवस, बहुतेकांमध्ये ५ ते १४ दिवस आणि सरासरी १० दिवसांच्या आसपास असतो. खांबाची रुंदी या काळाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावी, असा संकेत आहे. म्हणून इथे तीन दिवसांचा खांब चांगला. आठवड्याचा खांब घेतला तर चढ आणि उतार एकमेकांत मिसळून जातील.

खालचं उदाहरण समजावून सांगण्यासाठी मी रचलं आहे, ते २००५ चे खरे आकडे नाहीत. एका वॉर्डात ४० रुग्ण मिळाले असं धरू. एक चौकोन म्हणजे एक रुग्ण.

२६–२८ जुलै: ■
२९–३१ जुलै: ■■■
१–३ ऑगस्ट: ■■■■■■■■■
४–६ ऑगस्ट: ■■■■■■■■■■■■
७–९ ऑगस्ट: ■■■■■■■■
१०–१२ ऑगस्ट: ■■■■
१३–१५ ऑगस्ट: ■■
१६–१८ ऑगस्ट: ■

चढ वेगाने, उतार जरा सावकाश, आणि एकच शिखर. बऱ्याच माणसांना थोड्याच वेळात एकाच ठिकाणाहून लागण झाली की आलेख असा दिसतो. चाळीस रुग्णांतला मधला, म्हणजे विसावा-एकविसावा रुग्ण, ४ ते ६ ऑगस्टच्या खांबात येतो. तिथून सरासरी अधिशयन काळाइतके, म्हणजे दहा दिवस मागे मोजले की आपण २५ ते २७ जुलैवर पोहोचतो. आता उलट बाजूने पडताळा घ्यायचा. २६ जुलैच्या पुढे ५ ते १४ दिवस म्हणजे ३१ जुलै ते ९ ऑगस्ट. बहुतेक रुग्ण याच पट्ट्यात आहेत. दोन्ही बाजूंनी हिशेब त्याच मंगळवारवर येऊन मिळतो.

पहिल्या खांबातला एकटा रुग्ण मात्र या हिशेबात बसत नाही. पाणी भरल्यावर दोन दिवसांच्या आत लेप्टोचा ताप येणं जवळपास अशक्य. त्याला लागण आधीच झाली असेल, किंवा त्याचा ताप वेगळाच असेल, किंवा तारीख चुकली असेल. अशा रुग्णाला यादीतून पुसून टाकू नये. त्याच्या घरी पुन्हा जावं. तो तबेल्यात काम करणारा निघाला, तर पुराच्या आधीपासून जंतू कुठे होता याचा धागा त्याच्याकडूनच मिळू शकतो.

आता हेच चाळीस रुग्ण दाखल झाल्याच्या तारखेनुसार मांडले तर काय होईल? समजा, माणसं सरासरी पाच-सहा दिवस ताप अंगावर काढून रुग्णालयात आली. शिखर १० ते १२ ऑगस्टवर सरकेल. दहा दिवस मागे मोजले की बोट ३१ जुलै ते २ ऑगस्टवर येईल आणि सगळा तपास त्या दिवसांत काय घडलं, याच्या मागे लागेल. शिवाय रविवारी आणि १५ ऑगस्टच्या सुट्टीला खाच पडेल, दुसऱ्या दिवशी उंचवटा येईल आणि एका शिखराची दोन झाल्यासारखी वाटतील. अहवालाची तारीख घेतली तर चित्र आणखी बिघडेल, कारण प्रयोगशाळा साठलेले नमुने एकदमच तपासते. रुग्ण तेच आणि रोगही तोच, तरी एका तारखेच्या जागी दुसरी घातली की साथीचं मूळ आठवडाभर पुढे सरकतं.

एक पूर, अनेक आलेख

एकाच पुरामागून येणारे रोगही त्यांच्या आलेखांवरून वेगळे ओळखता येतात. दूषित पाण्यामुळे होणारे जुलाब दोन-तीन दिवसांतच दिसू लागतात, म्हणजे २६ जुलैनंतर ते जुलै संपायच्या आत चढले पाहिजेत. लेप्टोची पाळी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येते. साचलेल्या स्वच्छ पाण्यातून वाढणाऱ्या डेंग्यूला आणखी वेळ लागतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस, डासाच्या पोटात विषाणू तयार व्हायला आठ ते बारा आणि माणसाला चावल्यावर ताप यायला चार ते दहा. बेरीज केली की ऑगस्टचा मध्य उलटतो. शिवाय डेंग्यूचा आलेख लेप्टोसारखा चढून ओसरत नाही, रुग्णातून डास आणि डासातून रुग्ण असं चक्र चालू राहतं. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळींचा अधिशयन काळ तर कित्येक आठवड्यांचा, म्हणून त्या ऑगस्टच्या उत्तरार्धात आणि सप्टेंबरात दिसायच्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कावीळ आणि ताप एकत्र आला, तर फक्त दिवस मोजूनही लेप्टोकडे संशय वळतो.

हाच क्रम पुढेही दिसला. १९ जून २०१५ च्या मुसळधार पावसानंतर जुलैच्या पूर्वार्धात मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर या पट्ट्यात लेप्टोने मृत्यू झाले. पाऊस आणि मृत्यू यांत गेलेले दिवस अधिशयन आणि गंभीर आजार यांच्या कालावधीशी जुळतात.

आलेख वाचताना दोन बाबतीत सावध राहावं लागतं. पहिली म्हणजे त्याचं शेवटचं टोक. आज काढलेल्या आलेखात गेल्या चार-पाच दिवसांचे खांब नेहमीच बुटके दिसतात, कारण त्या दिवसांत ताप आलेली माणसं अजून रुग्णालयात पोहोचलेली नसतात. त्या भागावर वेगळी खूण न करता साथ ओसरल्याचं जाहीर केलं, तर आठवड्याने शब्द मागे घ्यावे लागतात. दुसरी बाब पाण्याची. सखल वस्त्यांत पाणी एका दिवसात ओसरत नाही आणि ओसरल्यावर चिखल उपसायला, भिजलेलं सामान बाहेर काढायला लोक पुन्हा त्याच घाणीत उतरतात. लागण एका क्षणी न होता अनेक दिवस होत राहिली, तर शिखर पसरट होतं आणि दहा दिवस मागे मोजण्याचा हिशेब तितका नेमका राहत नाही. दुसऱ्यांदा पाणी तुंबलं असेल तर दुसरा उंचवटाही येईल.

आणि आलेख गुन्हेगार सिद्ध करत नाही. लागण कधी झाली असावी, एवढाच अंदाज तो देतो. ती पाण्यातूनच झाली का, अनवाणी चालणाऱ्यांना जास्त झाली का, पायाला जखम असलेल्यांना जास्त झाली का, हे आजारी आणि निरोगी माणसांची तुलना करून पुढे तपासावं लागतं. पण काय करायचं हे ठरवायला हा अंदाजही पुरेसा असतो. तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्यांना लेप्टो टाळण्यासाठी महापालिका वैद्यकीय सल्ल्याने गोळ्या घ्यायला सांगते आणि त्या शक्यतो ७२ तासांच्या आत घ्यायच्या असतात. आलेख सांगत असेल की लागण दहा दिवसांपूर्वी होऊन गेली, तर त्या खेपेसाठी प्रतिबंधाची वेळ टळलेली असते. मग सगळी ताकद ताप आलेल्यांना लवकर शोधून अँटिबायोटिक सुरू करण्यावर लावायची. नवे रुग्ण येतच राहिले, तर जंतूचं मूळ अजून वस्तीतच आहे आणि उंदीर, तबेले, तुंबलेले नाले यांकडे वळायचं.

म्हणून पावसाळ्यात ताप भरला की त्याचा पहिला दिवस लिहून ठेवावा, आणि शेवटचं तुंबलेल्या पाण्यातून कधी चाललो तो दिवसही. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी दोन्ही तारखा केस पेपरवर लिहायला सांगाव्यात. रक्त कुठल्या चाचणीसाठी पाठवायचं हे त्यांवरून ठरेल आणि वॉर्डातल्या आलेखावर आपला चौकोन योग्य खांबात जाईल.